दोन नोडच्या मधात बॅटरी आली की समीकरण कसं मांडायचं?

"सर, बाकी सगळं जमते, पण दोन नोडच्या मधात बॅटरी आली का गाडी अडते. तिचा करंट काढू कसा? तिले रेझिस्टन्सच नाही."

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतून इलेक्ट्रिकल डिप्लोमाला येणारी पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली तर जास्तच. प्रश्न अगदी रास्त आहे. पुस्तकात त्याचं उत्तर 'सुपरनोड' या नावानं येतं, पण येतं ते हुकुमासारखं: दोन्ही नोडभोवती तुटक रेघेचा गोल काढा आणि एक समीकरण लिहा. गोल का काढायचा, तो काढल्यावर मधला करंट जातो कुठे, आणि उत्तर चुकलं तर कळायचं कसं, हे राहूनच जातं. इथे मी एकच गणित घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. वही-पेन जवळ ठेवा, आकृती तुम्हालाच काढायची आहे.

## आधी नोडचा हिशेब

सर्किटमध्ये दोन किंवा जास्त वस्तूंची टोकं जिथे जोडलेली असतात, त्या जागेला नोड म्हणतात. मधली नुसती तार कितीही लांब असली तरी नोड एकच. यातला एक नोड आपण शून्य व्होल्टचा ठरवतो. तो रेफरन्स नोड. बाकी प्रत्येक नोडचं व्होल्टेज त्याच्यापासून मोजायचं.

पुढचा नियम जर्मनीच्या गुस्ताव किर्चहॉफनं १८४५ साली, विद्यार्थीदशेत असताना मांडला: नोडमध्ये जेवढा करंट येतो, तेवढाच बाहेर जातो. नोडमध्ये करंट साठत नाही. रेझिस्टरमधून जाणारा करंट ओहमच्या नियमानं मिळतो, म्हणजे दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक भागिले रेझिस्टन्स. एवढ्यावर प्रत्येक नोडचं एक समीकरण तयार होतं. जितके नोड (रेफरन्स सोडून), तितके अज्ञात आणि तितकीच समीकरणं.

## मग अडतं कुठे?

आता ही आकृती काढा. खाली एक आडवी रेघ, ती रेफरन्स. वर दोन ठिपके, नोड १ आणि नोड २. नोड १ पासून खाली २ ओहमचा रेझिस्टर, नोड २ पासून खाली ४ ओहमचा. एक करंट सोर्स खालून नोड १ मध्ये ८ अँपिअर ढकलतो. दुसरा करंट सोर्स नोड २ मधून २ अँपिअर काढून खाली नेतो. नोड १ आणि नोड २ च्या मध्ये ३ ओहमचा रेझिस्टर आहे, आणि त्याच दोन नोडच्या मध्ये ६ व्होल्टची बॅटरीसुद्धा आहे. बॅटरीचं प्लस टोक नोड १ ला.

नोड १ चं समीकरण लिहायला घ्या. आत येतात ८ अँपिअर. २ ओहममधून बाहेर जातो V1/2. ३ ओहममधून जातो (V1 − V2)/3. आणि बॅटरीमधून? इथे पेन थांबतं. बॅटरीचा रेझिस्टन्स शून्य धरलेला, म्हणजे ओहमचा नियम लावायला गेलं तर शून्यानं भागावं लागतं. आदर्श व्होल्टेज सोर्स एवढंच सांगतो की माझ्या दोन टोकांत ६ व्होल्टचा फरक राहील. करंट किती जाईल हे तो सांगतच नाही. एक अँपिअर असो की पन्नास, त्याचे ६ व्होल्ट हलत नाहीत. करंट किती हे बाकीचं सर्किट ठरवतं.

बहुतेक चुका याच जागी होतात. विद्यार्थी बॅटरीचा करंट लिहायचा सोडून देतो आणि पुढे जातो. तसं केलं आणि सोबत बॅटरीचं V1 − V2 = 6 घेतलं तर V1 येतं १२ आणि V2 येतं ६. दिसायला उत्तर छान, फरकही बरोबर ६ व्होल्टचा. पण बॅटरीमधून शून्य करंट जातो, असं आपण न सांगता गृहीत धरून बसलेलो असतो.

## दोन गोदामांचं एक कंपाउंड

जिनिंगच्या कंपाउंडात दोन गोदामं आहेत असं समजा. प्रत्येक गोदामाला रस्त्याकडे उघडणारी फाटकं आहेत आणि प्रत्येक फाटकावर कापसाच्या गाड्या लिहून घेणारा माणूस आहे. दोन गोदामांच्या मधे मात्र एक आतलं दार आहे, तिथून कापूस इकडून तिकडे जातो आणि तिथे कुणीच लिहून ठेवत नाही. संध्याकाळपर्यंत कुठेच काही साठवायचं नाही, आलं तेवढं गेलं पाहिजे. एका गोदामाचा हिशेब लावायला गेलात तर आतल्या दारापाशी अडाल. पण अख्ख्या कंपाउंडचा हिशेब लावा: बाहेरून आत किती आलं, बाहेर किती गेलं. आतल्या दाराचा आकडा लागतच नाही, कारण एका गोदामातून जे गेलं तेच दुसऱ्यात आलं.

सुपरनोड म्हणजे हे कंपाउंड. बॅटरी आणि तिच्या दोन्ही टोकांचे नोड मिळून एक कुंपण घालायचं, आणि कुंपण ओलांडणाऱ्या करंटांचाच हिशेब करायचा. किर्चहॉफचा नियम एका ठिपक्याला लागू होतो तसाच अशा कुंपणालाही होतो, कारण करंट तिथेही साठत नाही.

मात्र कुंपण एक झालं म्हणून दोन नोडचं व्होल्टेज एक होत नाही. V1 वेगळं, V2 वेगळं. नोड १ च्या फांदीत V1 लिहायचं, नोड २ च्या फांदीत V2.

## आता सोडवू

कुंपण ओलांडून आत येतात ८ अँपिअर. बाहेर जाणारे तीन: २ ओहममधून V1/2, ४ ओहममधून V2/4, आणि दुसऱ्या करंट सोर्समधून २ अँपिअर.

```
8 = V1/2 + V2/4 + 2
```

म्हणजे V1/2 + V2/4 = 6. अज्ञात दोन आणि समीकरण एक. दोन नोडांची दोन समीकरणं होणार होती, ती एकत्र केल्यावर एकच उरली. ही उणीव बॅटरीच भरून काढते. तिनं करंट सांगितला नाही, पण व्होल्टेजचा फरक सांगितला आहे:

```
V1 - V2 = 6
```

V1 च्या जागी V2 + 6 घाला. (V2 + 6)/2 + V2/4 = 6, म्हणजे 3 + 0.75 × V2 = 6. V2 आलं ४ व्होल्ट, V1 आलं १० व्होल्ट.

आता बॅटरीचा करंटही काढता येतो. व्होल्टेज कळली, म्हणून एकट्या नोड १ कडे परत जायचं. आत ८ अँपिअर. २ ओहममधून १० भागिले २ म्हणजे ५ अँपिअर गेले. ३ ओहममधून ६ भागिले ३ म्हणजे २ गेले. उरला १ अँपिअर, तो बॅटरीतून जातो, आणि तो तिच्या प्लस टोकातून आत शिरतो. म्हणजे ही बॅटरी करंट देत नाही, चार्ज होते आहे. बॅटरी दिसली की ती पॉवर देतच असणार असं मनात धरून करंटची दिशा ठरवायची नाही, ती गणितानं ठरू द्यायची.

नोड २ वर पडताळून पाहा. आत येतात ३ ओहममधून २ आणि बॅटरीतून १, एकूण ३. बाहेर जातात ४ ओहममधून १ आणि करंट सोर्समधून २, एकूण ३. जुळलं.

## "पण ३ ओहमचा रेझिस्टर गेला कुठे?"

बारकाईनं पाहणारा विद्यार्थी इथे हात वर करतो. कुंपणाच्या समीकरणात ३ ओहम आलाच नाही. विसरलो का?

नाही. त्याची दोन्ही टोकं कुंपणाच्या आत आहेत, म्हणून त्यातला करंट कुंपण ओलांडत नाही. तो ३ ऐवजी ३० ओहमचा लावा किंवा काढूनच टाका, V1 दहाच राहील आणि V2 चारच. बॅटरीनं दोन नोडमधला फरक ६ व्होल्टला बांधून ठेवला आहे, त्यांच्यामध्ये आणखी काय जोडलंय याचा त्या व्होल्टेजवर परिणाम होत नाही.

बॅटरीच्या करंटवर मात्र होतो. रेझिस्टर काढला तर त्यातून जाणारे २ अँपिअरही बॅटरीवर येतील आणि ती १ ऐवजी ३ अँपिअरनं चार्ज होईल. म्हणून प्रश्नात फक्त नोडची व्होल्टेज मागितली असतील तर हा रेझिस्टर बिनधास्त बाजूला ठेवा. बॅटरीचा करंट किंवा पॉवर मागितली असेल तर त्याला विसरू नका.

## "बॅटरीचा करंट i धरला तर नाही चालणार?"

चालेल. माझ्या मते सुपरनोड खऱ्या अर्थानं समजायचा तर एकदा तसंच करून पाहावं. बॅटरीतून नोड १ कडून नोड २ कडे i करंट जातो असं धरा आणि दोन्ही नोडांची समीकरणं सरळ लिहा:

```
8 = V1/2 + (V1 - V2)/3 + i
(V1 - V2)/3 + i = V2/4 + 2
```

आता या दोन्हींची बेरीज करा. डावीकडे (V1 − V2)/3 + i आहे, उजवीकडेही तेच आहे. दोन्ही कटले. उरतं 8 = V1/2 + V2/4 + 2. हेच कुंपणाचं समीकरण. म्हणजे सुपरनोड हा किर्चहॉफपेक्षा वेगळा नियम नाही. दोन नोडांची प्रामाणिक समीकरणं आधीच बेरीज करून लिहिली, एवढंच. बॅटरीचा करंट का जातो आणि ३ ओहम का जातो, दोन्हींचं कारण या एका बेरजेत दिसतं.

i धरलं की तीन अज्ञात आणि तीन समीकरणं होतात, तिसरं V1 − V2 = 6. हातानं सोडवायला सुपरनोडची दोन बरी. कॉम्प्युटरला मात्र i धरणंच सोयीचं पडतं, कारण कुंपण कुठे घालायचं हे त्याला शोधत बसावं लागत नाही. रुएली, ब्रेनन आणि चुंग-वेन हो या तिघांनी १९७५ साली ही रीत नीट मांडली. तिला मॉडिफाइड नोडल अ‍ॅनालिसिस म्हणतात, आणि स्पाइस जातीची सिम्युलेशन सॉफ्टवेअर याच रीतीनं चालतात. म्हणून तिथे व्होल्टेज सोर्सचा करंट उत्तरात आपोआप मिळतो.

## "खऱ्या बॅटरीला आत रेझिस्टन्स असतोच की"

असतो. शेतातल्या झटका मशीनच्या बॅटरीलाही असतो आणि ती जुनी झाली की तो वाढतो. आपल्या ६ व्होल्टच्या बॅटरीत ०.१ ओहम आहे असं धरू. मग अडचणच राहत नाही, ओहमचा नियम परत लागू होतो. बॅटरीचा करंट (V1 − V2 − 6)/0.1 असा थेट लिहिता येतो आणि प्रत्येक नोडचं वेगळं समीकरण मांडता येतं. सोडवलं तर V1 साधारण १०.०३ व्होल्ट, V2 साधारण ३.९४ व्होल्ट आणि बॅटरीचा करंट ०.९५ अँपिअर येतो.

सुपरनोडनं दिलेले १०, ४ आणि १ यांच्या हे किती जवळ आहे पाहा. बॅटरीच्या आतला रेझिस्टन्स आजूबाजूच्या रेझिस्टन्सपेक्षा खूप लहान असेल तोवर सुपरनोडचं उत्तर विश्वासाचं. तो बरोबरीला यायला लागला, की बॅटरीला आदर्श मानणं सोडायचं आणि तो रेझिस्टर आकृतीत दाखवायचा.

परीक्षेत बॅटरीच्या लायनीत रेझिस्टर दिलेला असेल तर हीच गोष्ट उपयोगी पडते. बॅटरी आणि तो रेझिस्टर एका फांदीत असतील, तर त्या दोघांच्या मधल्या जोडाला नोड मानायची गरज नाही. फांदीचा करंट थेट लिहा, सुपरनोड नको.

## चूक झाली हे कळतं कसं?

तीन चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली वर आलीच, नोड १ चं समीकरण बॅटरीशिवाय लिहिणं, ज्यात १२ आणि ६ मिळाले. ते कुंपणाच्या समीकरणात टाका: १२/२ + ६/४ म्हणजे ७.५, हवे होते ६. पकडली गेली.

दुसरी, कुंपण एक म्हणून व्होल्टेजही एक मानणं: V1/2 + V1/4 = 6, म्हणून V1 = 8 आणि V2 = 2. परत टाकून पाहा: ८/२ + २/४ म्हणजे ४.५. हीही पकडली गेली.

तिसरी चूक फसवी आहे. बॅटरीचं प्लस-मायनस उलट लिहिलं, V2 − V1 = 6, तर V1 येतं ६ आणि V2 येतं १२. कुंपणात टाका: ६/२ + १२/४ म्हणजे बरोबर ६. जुळलं! पॉवरचा ताळाही जुळतो. करंट सोर्स ४८ वॅट देतो आणि बॅटरी ४२ वॅट देते, एकूण ९०. तीन रेझिस्टरमध्ये मिळून ६६ आणि दुसऱ्या करंट सोर्समध्ये २४, तेही ९०. सगळं जुळतं, कारण हे एका खऱ्या सर्किटचं खरं उत्तर आहे. फक्त ते तुमच्या प्रश्नातलं सर्किट नाही, बॅटरी उलटी बसवलेलं सर्किट आहे.

म्हणून शेवटचा ताळा आकृतीवरच घ्यायचा. बॅटरीच्या प्लस टोकाला बोट लावा. त्या नोडचं व्होल्टेज मायनस टोकापेक्षा जास्त आलंय का? इथे प्लस नोड १ ला आहे, म्हणून V1 मोठं यायला हवं. या एका प्रश्नानं जी चूक सापडते ती दुसऱ्या कोणत्याही पडताळणीत सापडत नाही.

## कुंपण कधी नको

बॅटरीचं एक टोक रेफरन्सलाच असेल तर सुपरनोड करायचाच नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं मायनस चासीला जोडलेलं असतं. चासीला शून्य मानलं की प्लस टोक १२ व्होल्ट, विषय संपला. तिथे करंटचं समीकरण लिहायची गरजच नाही, व्होल्टेज आधीच माहीत आहे.

ट्रकमध्ये दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट घेतात. त्यातल्या वरच्या बॅटरीचं एकही टोक चासीला नाही, म्हणजे ती दोन नॉन-रेफरन्स नोडच्या मधली झाली. विद्यार्थी लगेच गोल काढायला लागतात. पण खालच्या बॅटरीनं मधला जोड १२ व्होल्टला बांधलेला आहे, म्हणून वरचा जोड २४ हे तोंडी सांगता येतं. कुंपणातला एक जरी नोड व्होल्टेज सोर्सनं रेफरन्सला बांधलेला असेल, तर करंटच्या समीकरणाचं काम उरत नाही.

उलट, दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ तीन नोड जोडत असतील आणि तिन्हींतला एकही रेफरन्सला बांधलेला नसेल, तर तिन्ही नोड एकाच कुंपणात घ्या. करंटचं समीकरण एक आणि फरकाची दोन, तीन अज्ञातांना पुरेशी.

## बॅटरीच्या जागी अवलंबून असलेला सोर्स आला तर?

अवलंबून असलेला सोर्स म्हणजे ज्याचं व्होल्टेज सर्किटातल्याच दुसऱ्या कुठल्या करंटवर किंवा व्होल्टेजवर ठरतं. ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमध्ये असे सोर्स भेटतात. समजा ६ व्होल्टच्या जागी असा सोर्स आहे, जो ४ ओहममधून खाली जाणाऱ्या करंटच्या दुप्पट व्होल्ट देतो, प्लस टोक नोड १ लाच.

कुंपणाचं समीकरण एका अक्षरानंही बदलत नाही, कारण कुंपण ओलांडणाऱ्या फांद्या त्याच आहेत. बदलतं फक्त फरकाचं समीकरण. ४ ओहममधला करंट V2/4 आहे, त्याची दुप्पट V2/2.

```
V1/2 + V2/4 = 6
V1 - V2 = V2/2
```

दुसऱ्यावरून V1 = 1.5 × V2. पहिल्यात घातलं की 0.75 × V2 + 0.25 × V2 = 6, म्हणून V2 सहा व्होल्ट आणि V1 नऊ व्होल्ट. ४ ओहममधला करंट १.५ अँपिअर, त्याची दुप्पट ३ व्होल्ट, आणि ९ वजा ६ सुद्धा ३.